सोंगाची किंमत

नव्याकोऱ्या सर्व्हरवर चालणाऱ्या एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये लॉगिन करून `lspci` ही आज्ञा दिली, तर कधी कधी पडद्यावर अशा ओळी उमटतात:

```
00:01.1 IDE interface: Intel Corporation 82371SB PIIX3 IDE [Natoma/Triton II]
00:03.0 Ethernet controller: Intel Corporation 82540EM Gigabit Ethernet Controller
```

पहिल्या ओळीतली चिप इंटेलने १९९६ मध्ये बाजारात आणली. पेंटियमच्या जमान्यातल्या मदरबोर्डांवर ती असे. दुसऱ्या ओळीतलं नेटवर्क कार्ड या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. यातली एकही वस्तू त्या सर्व्हरच्या पेटीत नाही. पेटीत आहेत वेगवान एनव्हीएमई एसएसडी आणि दहा गिगाबिटचं कार्ड. या जुन्या वस्तूंचं सोंग एक सॉफ्टवेअर वठवतं आहे, आणि आतली ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर मनापासून विश्वास ठेवून काम करते आहे.

हे सॉफ्टवेअर म्हणजे बहुतेक वेळा क्यूएमू. फॅब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते २००३ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे ठेवलं. २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्स कर्नलमध्ये केव्हीएम आलं आणि या जोडीवर आज असंख्य व्हर्च्युअल मशीन चालतात. कामाची वाटणी सोपी आहे. आतल्या मशीनचा, म्हणजे गेस्टचा, प्रोसेसर केव्हीएममुळे जवळजवळ थेट खऱ्या प्रोसेसरवर धावतो. डिस्क, नेटवर्क, कीबोर्ड वगैरे वस्तूंचा देखावा मात्र बाहेरच्या यंत्रावर, म्हणजे होस्टवर, क्यूएमू उभा करतो. बेरीज, गुणाकार, शब्द शोधणं अशा कामांत गेस्टला आपण गेस्ट आहोत हे जाणवतही नाही. डिस्कला किंवा नेटवर्कला हात लावायची वेळ आली की गाडी रखडते.

ती का रखडते, हे कळायला डिस्कवरून फक्त चार किलोबाइट वाचण्याचा प्रवास जवळून बघायला हवा.

जुन्या आयडीई पद्धतीत डिस्कशी बोलायचं ते ठरलेल्या पोर्टांवर एकेक बाइट लिहून. कोणती डिस्क हवी ते `0x1F6` वर लिहायचं. किती सेक्टर हवेत ते `0x1F2` वर. कुठून वाचायचं तो पत्ता तुकडे करून `0x1F3`, `0x1F4` आणि `0x1F5` वर. मेमरीत माहिती कुठे टाकायची, कोणत्या दिशेने न्यायची, ते आणखी दोन-तीन ठिकाणी. मग `0x1F7` वर हुकूम आणि शेवटी ‘सुरू कर’. काम झाल्याची सूचना आली की स्थिती वाचायची, थांबवायचं, पुन्हा स्थिती वाचायची. एका छोट्या वाचनासाठी असा डझनभर वेळा तरी डिस्कच्या दारात जावं लागतं. खऱ्या चिपला याचं काहीच वाटत नव्हतं, कारण पोर्टवर बाइट लिहिणं म्हणजे तारेतून एक इशारा जाणं, एवढंच.

गेस्टच्या बाबतीत तिथे तारही नसते आणि चिपही. म्हणून गेस्टने पोर्टवर लिहिताक्षणी प्रोसेसर त्याला जागीच थांबवतो, त्याची सगळी अवस्था बाजूला ठेवतो आणि ताबा केव्हीएमकडे देतो. जाणकार याला व्हीएम एक्झिट म्हणतात. केव्हीएम बघतं की हे आयडीईचं काम आहे, आणि ते क्यूएमूकडे पाठवतं. क्यूएमू आपल्या वहीत नोंद करतो, की सेक्टरची संख्या आठ. मग हीच वाट उलटी चालून गेस्ट पुन्हा सुरू होतो. लगेच पुढच्या बाइटसाठी पुन्हा तेच. यातल्या बहुतेक फेऱ्यांत प्रत्यक्ष डिस्कचं काहीही काम झालेलं नसतं.

अशा एका फेरीला किती वेळ लागतो ते यंत्रागणिक बदलतं, पण काही मायक्रोसेकंदांचा हिशेब धरायला हरकत नाही. समजा पाच मायक्रोसेकंद. बारा फेऱ्यांचे झाले साठ. आता फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल तर तिचा काटा योग्य जागी पोहोचायलाच आठ-दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे जवळपास दहा हजार मायक्रोसेकंद. त्यात साठ कुठल्या कुठे विरून जातात. पण चांगली एसएसडी हेच वाचन साधारण शंभर मायक्रोसेकंदांत उरकते. तिथे साठ मायक्रोसेकंदांचं नुसतं सोंग म्हणजे वेळात निम्म्याहून अधिक वाढ. पूर्वी कुणाचं न अडणारं एम्युलेशन एसएसडीच्या काळात डोळ्यांत खुपू लागलं, ते यामुळे.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. आयडीई एका वेळी एकच काम घेते. पहिलं पुरं झाल्याशिवाय दुसरं सांगता येत नाही. एका वाचनाला एकशे साठ मायक्रोसेकंद लागले, तर सेकंदाला सव्वासहा हजारांच्या आसपास वाचनं झाली की मर्यादा संपली. एनव्हीएमई डिस्क मात्र एकाच वेळी कितीतरी मागण्या अंगावर घेण्यासाठीच बनलेली असते आणि तशा मागण्या दिल्या तर सेकंदाला काही लाख वाचनं करते. महागडी डिस्क विकत घ्यायची आणि तिला आयडीईच्या बोळातून काढायचं, हा व्यवहार तोट्याचाच.

क्यूएमूवाले आळशी आहेत म्हणून हे हळू चालतं असं मात्र नाही. नक्कल जितकी प्रामाणिक, तितक्या तिच्या खोडीही प्रामाणिक. आयडीईचं हुबेहूब सोंग घ्यायचं तर तिचं एकेक बाइटचं बोलणंही घ्यावं लागतं.

मग उपाय काय? सोंगच सोडून द्यायचं. गेस्टला सरळ सांगायचं की बाबा रे, तू व्हर्च्युअल मशीन आहेस, खरी डिस्क शोधत बसू नकोस, काय हवं ते माझ्याकडे माग. गेस्टला सत्य सांगून त्याचं सहकार्य घेण्याच्या या पद्धतीला पॅराव्हर्च्युअलायझेशन म्हणतात. केंब्रिज विद्यापीठातून पुढे आलेल्या झेन या प्रकल्पाने २००३ पासून ती गाजवली. पण झेनचे ड्रायव्हर वेगळे, व्हीएमवेअरचे वेगळे, बाकीच्यांचे आणखी वेगळे, असा पसारा होऊ लागला. ऑस्ट्रेलियातले लिनक्स प्रोग्रॅमर रस्टी रसेल तेव्हा आयबीएममध्ये होते. लिनक्सच्या फायरवॉलमागची `iptables` ही आज्ञा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नाव नवं नाही. त्यांनी सर्वांना वापरता येईल अशी एकच साधी बोली सुचवली आणि तिचं नाव ठेवलं व्हर्टआयओ. २००८ च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये तिचे ड्रायव्हर दाखल झाले. पुढे ओएसिस या मानक संस्थेने तिला रीतसर मानकाचं रूप दिलं.

व्हर्टआयओच्या पोटात एक रांग आहे, तिला व्हर्टक्यू म्हणतात. ही रांग मेमरीच्या अशा भागात असते, जो गेस्टलाही दिसतो आणि होस्टलाही. तिचे तीन भाग. एका तक्त्यात गेस्ट लिहितो की मेमरीत अमुक ठिकाणी, अमुक लांबीची जागा आहे. दुसऱ्या भागात तो लिहितो, ‘या नोंदी तुझ्यासाठी तयार आहेत.’ तिसऱ्यात होस्ट लिहितो, ‘या मी उरकल्या.’ नुसत्या मेमरीत लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे यातल्या कशानेही गेस्ट थांबत नाही. नोंदी करून झाल्या की गेस्ट एकदाच होस्टला हाक मारतो. त्या एका हाकेपुरतीच एक्झिट होते. वाण्याकडे मीठ, मग साखर, मग तूरडाळ असं एकेक मागायला दहादा जिने चढण्या-उतरण्यापेक्षा यादी पाठवावी, तशातला प्रकार.

रसेल यांच्या रचनेतली आणखी एक खुबी सहज नजरेतून सुटते. होस्ट आधीच रांग उपसत असेल तर तो तिथे एक खूण करून ठेवतो, की हाक मारू नकोस, मी जागा आहे. मग गेस्ट मुकाट नव्या नोंदी घालत राहतो. म्हणजे कामाचा रेटा वाढेल तसा एका कामामागचा खर्च कमी होत जातो. आयडीईच्या सोंगात प्रत्येक नव्या कामाबरोबर तोच सगळा खर्च पुन्हा भरावा लागतो.

नेटवर्कची गोष्ट थोडी निराळी आहे. क्यूएमूचं `e1000` हे कार्ड आयडीईइतकं मागासलेलं नाही. त्यालाही मेमरीतली रांग कळते. पण त्याच्या रजिस्टरांना हात लावला की एक्झिट होतेच, आणि इंटरप्ट आल्यावर त्याचं कारणही रजिस्टर वाचूनच शोधावं लागतं. त्यात पाकिटांचा आकार. नेहमीचं पाकीट दीड हजार बाइटांचं असतं, आणि एक गिगाबिटची वाट पूर्ण भरायची तर अशी सेकंदाला ऐंशी हजारांच्या वर पाकिटं लागतात. गेस्टने चौसष्ट किलोबाइटचा मोठा तुकडा दिला, तरी `e1000` चं सोंग घेतलेला क्यूएमू खऱ्या चिपसारखा त्याची पाकिटं कापत बसतो. व्हर्टआयओत तो तुकडा तसाच पुढे जातो. तो कापायची वेळ आली तर ते काम सर्व्हरचं खरं कार्ड करतं. आणि दोन्ही गेस्ट एकाच सर्व्हरवर असतील, समजा एकात वेबसाइट आणि दुसऱ्यात तिचा डेटाबेस, तर तो बहुधा कापावाच लागत नाही. २०१० मध्ये लिनक्स २.६.३४ मध्ये आलेल्या व्हीहोस्ट-नेटने पाकिटांच्या या वाटेतून क्यूएमूलाही वगळलं. तेव्हापासून रांग उपसायचं काम थेट होस्टचा कर्नल करतो.

एक गंमत सांगायला हवी. `e1000` वर ‘एक गिगाबिट’ असं लिहिलेलं असतं, पण ती निव्वळ पाटी आहे. सॉफ्टवेअरच्या कार्डाला त्या आकड्याचं बंधन नसतं. होस्ट दमदार असेल तर ते त्याहून जास्तही देऊ शकतं. उलट लिनक्स गेस्टमध्ये व्हर्टआयओ कार्डाचा वेग विचारला, तर बऱ्याचदा `Unknown!` असं उत्तर येतं. तेव्हा पाटी वाचून निर्णय घेऊ नये.

लिनक्सच्या नव्या गेस्टमध्ये व्हर्टआयओ निवडणं म्हणजे एका खिडकीत एक पर्याय बदलणं, कारण ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात. खरी कसरत असते ती आधीपासून आयडीईवर चालत असलेलं विंडोज मशीन व्हर्टआयओवर नेताना. हिशेबाचं सॉफ्टवेअर असलेलं जुनं विंडोज सर्व्हर मशीन कुणीतरी घाईत आयडीई आणि `e1000` वर उभं केलेलं असतं. ते वर्षानुवर्षं तसंच चालतं, आणि महिनाअखेरीला अहवाल काढताना सगळं कार्यालय ताटकळतं. ही परिस्थिती अनेकांच्या ओळखीची असेल.

लिबव्हर्ट वापरणाऱ्या होस्टवर अशा मशीनच्या व्याख्येत या ओळी असतात:

```
<target dev='hda' bus='ide'/>
<model type='e1000'/>
```

आणि हव्या असतात अशा:

```
<target dev='vda' bus='virtio'/>
<model type='virtio'/>
```

दोन शब्द बदलायचे, एवढंच वाटतं. डिस्कची ओळ बदलून मशीन सुरू केलं की आधी विंडोजचा लोगो येतो, आणि मग निळा पडदा: `INACCESSIBLE_BOOT_DEVICE`. लोगोपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि नंतरच घात झाला, याचं कारण साधं आहे. सुरुवातीचा भाग बायोस वाचतं, आणि क्यूएमूच्या बायोसला व्हर्टआयओ डिस्क वाचता येते. थोड्या वेळाने विंडोजचा कर्नल सूत्रं हाती घेतो, आणि त्याच्याकडे या डिस्कचा ड्रायव्हरच नसतो. ज्या डिस्कवरून तो आत्ता उठला, तीच त्याला दिसेनाशी होते.

घाबरण्याचं कारण नसतं. डिस्कवरचा मजकूर जागेवरच असतो आणि ओळ पुन्हा `ide` केली की बहुधा मशीन पूर्ववत उठतं. त्यानंतर योग्य क्रम असा. मशीन बंद करून डिस्कच्या फाइलची प्रत काढून ठेवायची. मुख्य डिस्क आयडीईवरच राहू द्यायची आणि एक गिगाबाइटची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडायची:

```
qemu-img create -f qcow2 dummy.qcow2 1G
```

सोबत `virtio-win` ही आयएसओ फाइल सीडी म्हणून लावायची आणि विंडोज सुरू करायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक अनोळखी कंट्रोलर पिवळ्या खुणेसह दिसेल. त्याला सीडीवरच्या `viostor` फोल्डरमधला आपल्या विंडोजच्या आवृत्तीचा ड्रायव्हर द्यायचा. रिकामी डिस्क दिसू लागली, म्हणजे विंडोजने हा ड्रायव्हर ओळखीच्यांत घेतला आणि बूट होतानाही तो हाताशी ठेवला. ड्रायव्हरची फाइल नुसती कॉपी करून हे साधत नाही. वस्तू खरोखर जोडलेली असावी लागते, म्हणून ही रिकाम्या डिस्कची युक्ती. आता मशीन बंद करून मुख्य डिस्क `virtio` वर न्यायची. तिच्याखालची `<address>` ही ओळ काढून टाकायची, कारण ती आयडीईच्या पत्त्याची असते आणि राहिली तर लिबव्हर्ट तक्रार करतं. प्रॉक्समॉक्समध्ये हेच काम डिस्क सोडवून पुन्हा जोडून होतं. तिथे बूट ऑर्डरमध्ये नव्या डिस्कवर टिकमार्क करायला लोक हमखास विसरतात.

नेटवर्कचा ड्रायव्हर `NetKVM` या फोल्डरात असतो. यात निळा पडदा येत नाही, पण दुसरी फजिती होते. विंडोजच्या दृष्टीने हे नवं कार्ड असतं, त्यामुळे जुन्या कार्डाला हाताने दिलेला आयपी पत्ता याच्याकडे येत नाही. तोच पत्ता द्यायला गेलं तर हा दुसऱ्या कार्डाचा आहे असं विंडोज बजावतं, आणि ते दुसरं कार्ड कुठे दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवण्याचा पर्याय निवडून ते जुनं कार्ड काढून टाकावं. मशीनच्या व्याख्येतली `<mac>` ची ओळ मात्र तशीच ठेवावी, म्हणजे डीएचसीपीने राखून ठेवलेला पत्ता असेल तर तो कायम राहतो. हे सगळं दूरवरून, रिमोट डेस्कटॉपवर बसून करू नये, हे वेगळं सांगायला नको. कार्ड बदलताक्षणी तोच धागा तुटतो.

जुन्या लिनक्स मशीनलाही हा फटका बसू शकतो. `sda` नावाची डिस्क `vda` होते आणि `/etc/fstab` मध्ये `/dev/sda1` असं लिहिलेलं असेल तर माउंट फसतं. तिथे आधीच यूयूआयडी लिहून ठेवावा. फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात बूटची छोटी प्रतिमा त्या यंत्रापुरतेच ड्रायव्हर घेऊन बनवलेली असते. म्हणून बदल करण्याआधीच हे चालवून घ्यावं:

```
dracut --force --add-drivers "virtio_blk virtio_pci"
```

काम साधलं की नाही हे कसं ओळखायचं? लिनक्समध्ये `lsblk` ने `vda` दाखवावं आणि `ethtool -i` ने ड्रायव्हरचं नाव `virtio_net` सांगावं. `lspci` मध्ये `Red Hat, Inc. Virtio block device` असं दिसतं. केव्हीएम घडवणारी क्यूमरानेट ही इस्रायली कंपनी २००८ मध्ये रेड हॅटने घेतली, आणि तिचा पीसीआय क्रमांक `1af4` या उपकरणांना मिळाला. त्यामुळे हे नाव. मात्र लेखाच्या सुरुवातीची `PIIX3` ची ओळ अजूनही दिसली तर दचकू नये. ती जुन्या मदरबोर्डाच्या देखाव्याचाच भाग आहे. डिस्क तिला टांगलेली नाही ना, एवढंच बघायचं.

होस्टवर `perf kvm stat live` चालवलं तर एक्झिट कशामुळे होत आहेत ते डोळ्यांसमोर मोजलं जातं. आयडीईवर मोठी फाइल वाचताना `IO_INSTRUCTION` चा आकडा धावत असतो, आणि व्हर्टआयओवर तोच खाली बसतो. वेग मोजायचा तर फाइल कॉपी करून घड्याळ बघू नये. तिथे मेमरीतली कॅश फसवते. `fio` सारखं साधन `--direct=1` सह वापरावं आणि होस्टच्या बाजूला डिस्कचा `cache` हा पर्याय `none` ठेवावा, नाहीतर होस्टच्या रॅमचाच वेग मोजला जाईल. आकडे सुंदर दिसावेत म्हणून `cache='unsafe'` लावणारेही भेटतात. त्यात गेस्टने ‘हे नक्की डिस्कवर लिही’ असं सांगितलं तरी होस्ट कानाडोळा करतो. वीज गेली की डेटाबेस फाटतो.

आणि व्हर्टआयओ लावूनही काही ठिकाणी फरक पडत नाही. खाली फिरत्या तबकडीची डिस्क असेल आणि कामं विखुरलेली असतील, तर वर मोजल्याप्रमाणे सोंगाचा खर्च मुळातच नगण्य होता. महिनाअखेरीचा तो अहवाल एखाद्या वाईट क्वेरीमुळे प्रोसेसर खात असेल, तर डिस्कचा ड्रायव्हर बदलून काय होणार? म्हणून आधी गेस्टमध्ये बघावं की प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघतो आहे का. लिनक्सच्या `top` मध्ये `wa` चा आकडा आणि विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्कच्या रांगेची लांबी, यावरून ते कळतं.

जुन्या सोंगाची गरज संपलेली नाही. डॉस किंवा विंडोज ९८ ला व्हर्टआयओ ठाऊक नाही. कारखान्यातलं एखादं यंत्र चालवणारं तसलं सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये जिवंत ठेवायचं असेल तर आयडीईच लागते. विंडोजच्या आजच्या इन्स्टॉलरलाही व्हर्टआयओ डिस्क आपणहून दिसत नाही. तिथे ‘लोड ड्रायव्हर’ दाबून सीडीवरचा `viostor` दाखवावा लागतो. या एका जास्तीच्या पायरीला कंटाळून कितीतरी मशीन आयडीईवर किंवा साटावर उभी राहतात आणि मग तशीच राहतात. साटा हा मधला मार्ग म्हणून वाईट नाही. त्यात एका वेळी बत्तीस मागण्या पाठवता येतात, पण रजिस्टरांना हात लावण्याचा खर्च सुटत नाही.

दुसऱ्या टोकाला काही वेगळंच घडतं आहे. व्हर्टआयओ डिस्क किंवा कार्ड नावाची वस्तू जगात कधी नव्हती, ती केवळ एक कागदावरची बोली होती. आता व्हर्टक्यूची रांग थेट वाचू शकणारी खरी नेटवर्क कार्डं निघाली आहेत आणि २०२० च्या लिनक्स ५.७ पासून कर्नलमध्ये व्हीडीपीए नावाने त्यांच्यासाठी सोयही आहे. गेस्टमधला ड्रायव्हर तोच, `virtio_net`. रांगेतल्या नोंदी मात्र होस्टच्या प्रोसेसरऐवजी कार्डावरची चिप उचलते.